चुनखडी दुप्पट करून बघा

अकरावीच्या रासायनिक समतोलाच्या उत्तरपत्रिका हातात आल्या की मी आधी चुनखडीचं गणित उघडते. १० लिटरच्या बंद भांड्यात २० ग्रॅम चुनखडी ठेवून ती ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली, तर त्यातली किती फुटेल? चुनखडी भाजली की तिची चुनकळी होते आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो:

CaCO3(s) ⇌ CaO(s) + CO2(g)

भांडं बंद असल्याने सुटलेला वायू आतच कोंडतो आणि चुनकळीत परत मुरू लागतो. सुटण्याचा आणि मुरण्याचा वेग सारखा झाला की समतोल साधला. ८०० अंशांना त्या वेळी वायूचा दाब साधारण ०.२२ अ‍ॅटमॉस्फिअर असतो, आणि तोच या अभिक्रियेचा समतोल स्थिरांक, म्हणजे K. वायूच्या नियमाने पाहिलं तर या दाबाला १० लिटरमध्ये ०.०२५ मोल वायू बसतो. चुनखडीचा एक मोल १०० ग्रॅमचा, म्हणून २.५ ग्रॅम फुटली आणि १७.५ ग्रॅम तशीच राहिली.

पण कितीतरी मुलं तिन्ही पदार्थ सूत्रात घालतात. वर चुनकळी आणि वायू, खाली चुनखडी. प्रत्येकाचे मोल १० लिटरने भागायचे, वर्गसमीकरण सोडवायचं, आणि उत्तर येतं ५.९ ग्रॅम. आकडेमोडीत एकही चूक नसते. म्हणून तर मुलांनी तीच पुन्हा तपासली तरी त्यांना काही सापडत नाही.

अशा वेळी मी त्यांना चुनखडी दुप्पट करायला सांगते. २० ऐवजी ४० ग्रॅम घ्या आणि त्याच रीतीने पुन्हा सोडवा. चुकीच्या सूत्राने पहिल्या वेळी वायूचा दाब ०.५२ येतो, दुसऱ्या वेळी ०.७८. दगड वाढवला म्हणून दाब वाढला! प्रत्यक्षात असं होत नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी दब्रे यांनी १८६७ मध्ये हा दाब मोजला, तेव्हा ठरावीक तापमानाला तो ठरावीकच भरला. किती चुनखडी फुटली आहे यावर तो अवलंबून नव्हता.

कारण दगडातच आहे. एक लिटर जागा चुनखडीने गच्च भरली तर तिच्यात सुमारे २७ मोल बसतात. खडा घ्या नाहीतर शिळा, हा आकडा तोच राहतो. चुनखडी फुटते तेव्हा ती विरळ होत नाही, फक्त कमी उरते. वायूचं तसं नाही. तो सगळं भांडं व्यापतो, त्यामुळे त्याचं प्रमाण खरोखर बदलतं. दगडाचे मोल १० लिटरने भागणं म्हणजे तळाशी पडलेला खडा भांडंभर पसरला आहे असं मानणं. चुनखडीचा आणि चुनकळीचा न बदलणारा आकडा K मध्ये आधीच सामावलेला असतो, म्हणून सूत्रात त्यांना वेगळी जागा नाही.

दुसरी चूक दिशेची. पुस्तकात कधीकधी अभिक्रिया उलटी दिलेली असते: चुनकळी वायू शोषते आणि चुनखडी होते. आता वायू बाणाच्या डावीकडे आला, म्हणून K झाला १ भागिले ०.२२, म्हणजे साधारण ४.५. अभिक्रिया तीच, भांडं तेच, दाबही तोच ०.२२. पण घाईत ४.५ हाच दाब धरला, तर वायू निघतो ०.५१ मोल, आणि त्यासाठी ५१ ग्रॅम चुनखडी फुटावी लागेल. भांड्यात होती २०.

सगळीच उत्तरं अशी उघडी पडत नाहीत. भांड्यात ८० ग्रॅम चुनखडी असती तर हेच ५१ ग्रॅम खपून गेलं असतं. तिथे भट्टी आठवावी. उघड्यावर चुनखडी जोमाने फुटायला सुमारे ९०० अंश लागतात, कारण तेव्हा कुठे वायूचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका, म्हणजे १ अ‍ॅटमॉस्फिअर होतो. फुटायला उष्णता लागते, म्हणून तापमान उतरलं की हा दाबही उतरतो. मग ८०० अंशांना तो ४.५ कसा असेल? तो १ च्या खालीच हवा.

एक गोष्ट मात्र मी फळ्यावर मुद्दाम लिहून ठेवते. दगड सूत्रात नसला तरी भांड्यात असावाच लागतो. त्याच भांड्यात १ ग्रॅमच चुनखडी ठेवली, तर ती सगळी फुटूनही दाब ०.०८८ वरच थांबतो. चुनखडी संपली, समतोल झालाच नाही, आणि तिथे K वापरून काढलेलं २.५ ग्रॅम हे उत्तरही चूकच.