नकाराच्या पत्रातली शेवटची ओळ

ऑफर लेटरवर होकार कळवायची मुदत शुक्रवारची असेल, तर नकार मंगळवारीच गेलेला बरा. कंपनीला दुसऱ्या उमेदवाराला विचारायला वेळ मिळतो. आधी एचआरला फोन करावा, मग त्यांच्याच ईमेलला उत्तर द्यावं.

नाशिकची एक अकाउंटंट मुंबईतली नोकरी नाकारते आहे, असं धरू. ती लिहिते, ‘मुलाखतीसाठी दिलेल्या वेळेबद्दल मनापासून आभार. वडिलांच्या उपचारांमुळे यंदा मला नाशिक सोडता येणार नाही, म्हणून ही ऑफर मी स्वीकारू शकत नाही.’ कारण एकच, नकार स्वच्छ. ‘सध्या जमेलसं वाटत नाही’ लिहिलं असतं, तर पगार वाढवून हवा असावा, असा अर्थ निघाला असता.

‘संपर्कात राहू’ हे तर फारच पोकळ. त्याऐवजी ती शेवटी लिहिते, ‘तुमच्या नाशिक शाखेत जागा निघाली, तर मला जरूर कळवा.’