बारा जणींवरून

समजा, अ‍ॅनिमिया असलेल्या बायकांना लोहाची गोळी रोज द्यावी की दिवसाआड, हे तपासायचं आहे. दोन गट करायचे आणि तीन महिन्यांनी प्रत्येकीचं हिमोग्लोबिन किती वाढलं ते पाहायचं. पण प्रत्येक गटात बायका किती घ्यायच्या?

ते दोन गोष्टींवर ठरतं. एक म्हणजे, दोन्ही पद्धतींत निदान किती फरक दिसला तर तो उपचाराच्या दृष्टीने मोलाचा मानायचा. हे डॉक्टरांनी ठरवायचं. आपण अर्धा ग्रॅम धरू. दुसरी गोष्ट म्हणजे, एकच गोळी घेणाऱ्या बायकांमध्येही वाढ किती कमीजास्त होते. या पसाऱ्याचं माप म्हणजे विचरण, आणि त्याचं वर्गमूळ म्हणजे प्रमाण विचलन. पसारा मोठा असेल तर अर्ध्या ग्रॅमचा फरक त्यात बुडून जातो आणि जास्त बायका लागतात. हिशेब असा:

n = 16 × s² ÷ d²

इथे n म्हणजे एका गटातल्या बायका, s² म्हणजे विचरण आणि d म्हणजे तो अर्धा ग्रॅम. नसलेला फरक दिसण्याची शक्यता 5 टक्के आणि असलेला फरक सापडण्याची 80 टक्के ठेवली, की 16 हा आकडा येतो.

d टेबलाशी बसून ठरवता येतो, s² मात्र मोजावंच लागतं. एका शितावरून भात शिजला का ते कळतं. सगळीकडे सारखा शिजला का, ते कळत नाही. म्हणून आधी छोटी पूर्वचाचणी करतात. आपल्या उदाहरणात बारा जणींना रोज गोळी दिली आणि तीन महिन्यांनी झालेला बदल, ग्रॅममध्ये, असा आला असं धरू: 0.2, 1.1, 0.6, 1.9, −0.3, 0.8, 1.4, 0.5, 2.1, 0.0, 1.0, 0.3. सरासरी 0.8. प्रत्येकीचं सरासरीपासूनचं अंतर काढून त्याचा वर्ग केला, तर वर्गांची बेरीज 5.98 होते. तिला अकराने भागलं की विचरण 0.54, म्हणजे प्रमाण विचलन सुमारे 0.74. सूत्रात घातलं की उत्तर येतं 35.

बहुतेक प्रस्ताव इथेच थांबतात, आणि चूक इथेच होते. 0.74 हा आकडाही बारा जणींवरूनच आलेला आहे. दुसऱ्या बारा जणी घेतल्या असत्या तर तो वेगळा आला असता. किती वेगळा, याचा अंदाज काय-वर्ग वितरणावरून बांधता येतो: खरं प्रमाण विचलन 0.52 ते 1.25 यांच्या दरम्यान कुठेही असू शकतं. बायकांच्या संख्येत सांगायचं, तर गटाला 18 पुरतील किंवा 101 लागतील!

त्यात आणखी एक खोच आहे. छोट्या नमुन्यातलं विचरण खऱ्यापेक्षा कमी निघण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. चुकून फार मोठं आलेलं एखादं विचरण सरासरी सावरून घेतं, पण आपल्या हाती एकच पूर्वचाचणी असते.

यावर 1995मध्ये ब्राउन यांनी सुचवलेला उपाय मला पटतो. मधला अंदाज न घेता, खरं विचरण ज्याच्या आत असण्याची 80 टक्के खात्री आहे अशी वरची मर्यादा घ्यायची. इथे ती 5.98 ÷ 6.99, म्हणजे 0.86 येते आणि गटात 55 जणी लागतात. वीस जणी जास्त, म्हणजे खर्चही जास्त, हे खरं. पण खरं विचरण 0.86 असताना 35 वरच भागवलं, तर असलेला फरक सापडण्याची शक्यता 80 वरून सुमारे 62 टक्क्यांवर येते.

काही जण त्याच बारा जणींचे सहा-सहाचे दोन गट पाडतात आणि त्यांच्यात दिसलेला फरकच d म्हणून वापरतात. असं करू नये. इतक्या लहान गटांतला फरक जवळपास एक ग्रॅम इकडेतिकडे होऊ शकतो. शिवाय पूर्वचाचणी एकाच दवाखान्यात केली आणि मुख्य अभ्यास दहा गावांत, तर पसारा वाढणारच. हिमोग्लोबिन मोजायचं यंत्र बदललं तरी तेच.

मोठ्या पाहणीआधी छोटा नमुना घेऊन पसारा जोखायचा, ही कल्पना जुनी आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे यांनी 1935मध्ये नेमका हाच प्रश्न हाताळला होता: लोकसंख्येच्या वेगवेगळ्या थरांतून किती नमुना घ्यायचा हे ठरवण्यासाठी प्रत्येक थराचं विचरण आधी लहान नमुन्यावरून काढलं, तर ते कितपत चालतं?

आता 55 वर गळती धरायची. शंभरातल्या पंधरा जणी मध्येच सोडून जातील असं मानलं, तर गटात 65 जणींची नोंद करावी लागेल. निम्म्या जणींचे तीन महिने पूर्ण झाल्यावर विचरण पुन्हा काढून संख्या वाढवताही येते. मात्र तेव्हा कोणती बाई कोणत्या गटात आहे ती यादी बंदच ठेवायची. फरक डोळ्यांना दिसला, की संख्या विचरण बघून वाढवली की निकाल बघून, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.