अर्ध्या रक्ताचे दोन रुग्ण

शरीरक्रियाशास्त्राच्या परीक्षेत एक प्रश्न वेष बदलून पुन्हा पुन्हा येतो. दोन रुग्ण आहेत. पहिल्या बाईंचं हिमोग्लोबिन साडेसात, म्हणजे नेहमीच्या पंधराच्या निम्मं. दुसऱ्या माणसाचं हिमोग्लोबिन पुरतं पंधरा आहे. पण बंद बाथरूममध्ये गॅस गिझर चालू ठेवून आंघोळ करताना तो बेशुद्ध पडला आणि आता त्याच्या निम्म्या हिमोग्लोबिनला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेला आहे. दोघांच्याही धमनीतल्या १०० मिलिलिटर रक्तात ऑक्सिजन सारखाच, सुमारे १० मिलिलिटर. तरी बाई 'जिना चढताना दम लागतो' म्हणत ओपीडीत चालत येतात आणि दुसऱ्याला स्ट्रेचरवरून आणावं लागतं. असं का?

'रक्तात ऑक्सिजन कमी पडला' हे उत्तर दोघांनाही लागू पडतं, म्हणजे त्यातून काहीच कळत नाही. खरं उत्तर ऑक्सिजन डिसोसिएशन कर्व्ह नावाच्या आलेखात आहे. हा आलेख विद्यार्थी घोकून काढतात आणि वाचायला मात्र विसरतात.

आलेखाच्या आडव्या अक्षावर ऑक्सिजनचा दाब असतो, उभ्या अक्षावर सॅच्युरेशन, म्हणजे हिमोग्लोबिनच्या शंभर जागांपैकी किती भरल्या ते. तीन बिंदू लक्षात ठेवले की पुरतं. फुफ्फुसातून निघताना दाब १०० मिलिमीटर आणि सॅच्युरेशन ९७-९८ टक्के. शरीरभर फिरून हृदयाकडे परतलेल्या रक्तात दाब ४० आणि सॅच्युरेशन ७५. आणि ज्या दाबाला निम्म्या जागा भरलेल्या असतात तो दाब साधारण २७. या तिसऱ्या बिंदूला पी-५० म्हणतात. रेष डावीकडे सरकली की उजवीकडे, हे त्याच्यावरूनच मोजतात.

ही रेष सरळ नसते. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत ऑक्सिजनसाठी चार जागा असतात. चारही रिकाम्या असताना रेणू आवळलेल्या रूपात असतो आणि पहिल्या ऑक्सिजनला सहजी जवळ करत नाही. एकदोन जागा भरल्या की तो सैल होतो आणि उरलेल्या भराभर भरतात. म्हणून रेष आधी रेंगाळते, मग चढते आणि ६० च्या पुढे जवळजवळ सपाट होते. आवळलेलं आणि सैल अशी ही दोन रूपं ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच उभं आहे.

आता आम्लता. कोपनहेगनचे ख्रिस्तियान बोर यांनी १९०४ मध्ये सहकाऱ्यांसह दाखवून दिलं की कार्बन डायऑक्साइड वाढला की रक्त ऑक्सिजन सोडू लागतं. (अणुरचना मांडणारे नील्स बोर ते यांचेच चिरंजीव.) यामागे मुख्यतः आम्लता असते. हायड्रोजन आयन हिमोग्लोबिनच्या ठरावीक जागांवर बसतात आणि त्याचं आवळलेलं रूप पक्कं करतात, त्यामुळे ऑक्सिजनवरची पकड ढिली होते. उष्णतेचं कारण वेगळं आहे. ऑक्सिजन हिमोग्लोबिनला चिकटताना उष्णता बाहेर पडते, म्हणून तापमान वाढलं की उलटी क्रिया, म्हणजे सुटणं, सोपं होतं. दोन्हींचा परिणाम एकच: त्याच दाबाला कमी जागा भरलेल्या, पी-५० वाढलेला, रेष उजवीकडे.

किती उजवीकडे? जोरात पळणाऱ्या माणसाच्या मांडीचा स्नायू घेऊ. तिथल्या रक्ताचा पीएच ७.४ वरून ७.२ वर आला, तर पी-५० सत्तावीसच्या आसपासवरून तेहेतीसवर जातो. स्नायू तापून ४० अंशांवर गेला, तर तो आणखी वाढून एकोणचाळीसच्या घरात पोचतो. म्हणजे एरवी ४० च्या दाबाला जे रक्त ७५ टक्के भरलेलं राहिलं असतं, ते आता त्याच दाबाला जेमतेम ५० टक्के भरलेलं राहतं. दाब न घसरता जास्तीचा पाव हिस्सा ऑक्सिजन स्नायूच्या पदरात पडला. प्रश्नपत्रिकेत 'हिमोग्लोबिनची ओढ कमी झाली' असं वाचलं की काहीतरी बिघडलं असं वाटतं आणि विद्यार्थी चुकीच्या पर्यायावर खूण करतो. इथे ओढ कमी होणं फायद्याचं आहे. फुफ्फुसात तोटा होत नाही का? फारसा नाही. तिथे आपण रेषेच्या सपाट भागावर असतो. पी-५० एकोणचाळीस धरला तरी १०० च्या दाबाला सॅच्युरेशन नव्वदीच्या वरच राहतं. शिवाय फुफ्फुसात कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासावाटे निघून जातो, रक्तही थोडं निवतं आणि रेष परत मूळ जागी येते. गारठलेल्या शरीरात याच्या बरोबर उलट घडतं, त्यावर वेगळं पाठांतर नको.

कार्बन मोनॉक्साइडची गोष्ट मात्र निराळी. हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशे ते अडीचशे पट त्याची ओढ असते, हे वाक्य सर्वांना पाठ असतं. त्यावरून 'जागा अडवल्या, म्हणून ऑक्सिजन कमी' इथवर बहुतेक जण येतात आणि थांबतात. हे अर्धंच झालं. कार्बन मोनॉक्साइड रेणूतल्या एकदोन जागांवर बसला की रेणू सैल रूपात अडकून पडतो. उरलेल्या जागांवरचा ऑक्सिजन मग घट्ट धरून ठेवला जातो. रेष डावीकडे सरकते आणि तिचा नागमोडी आकारही मोडतो.

हे आकड्यात पकडण्याची युक्ती इंग्लंडमध्ये सापडली. खाणींतल्या विषारी वायूंचा अभ्यास करणारे जॉन स्कॉट हॅल्डेन यांनी १८९५ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग स्वतःवरच केले होते. ते मोजून-मापून कार्बन मोनॉक्साइड हुंगत आणि आपलंच रक्त तपासत. पुढे १९१२ मध्ये त्यांनी डग्लस यांच्या आणि आपल्या तरुण मुलाच्या साथीनं या वायूच्या हिमोग्लोबिनशी होणाऱ्या संयोगाचे नियम मांडले. तो मुलगा म्हणजे जे. बी. एस. हॅल्डेन, जे उतारवयात भारतात स्थायिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

नियमाचा मथितार्थ असा: कार्बन मोनॉक्साइडच्या दाबाला त्या दोनशे-अडीचशेनं गुणा, तो ऑक्सिजनचाच दाब समजून खऱ्या ऑक्सिजनच्या दाबात मिळवा, आणि मग नेहमीचाच आलेख वाचा. भरलेल्या जागांची वाटणी या दोन दाबांच्या प्रमाणात होते.

आता आपले दोन रुग्ण. विश्रांतीत शरीर १०० मिलिलिटर रक्तातून सुमारे ५ मिलिलिटर ऑक्सिजन काढून घेतं. निरोगी माणसाकडे २० असतात, १५ उरतात, म्हणजे ७५ टक्के. आलेखावर दाब ४०. पंडुरोगी बाईंकडे १० असतात, ५ उरतात. त्यांच्या स्वतःच्या हिमोग्लोबिनच्या हिशेबानं हे सॅच्युरेशन ५० टक्के. त्यांची रेष जागची हललेली नाही, म्हणून दाब २७.

गिझरवाल्याकडेही ५ मिलिलिटरच उरतात. पण त्याचं हिमोग्लोबिन पंधरा आहे, म्हणजे ऑक्सिजननं २५ टक्के जागा भरल्या आहेत आणि कार्बन मोनॉक्साइडनं ५०. एकूण ७५. आलेखावर ७५ टक्क्यांसमोर ४० चा दाब आहे. तो दोघांत एकास दोन असा वाटायचा. ऑक्सिजनच्या वाट्याला येतात जेमतेम १३.

चाळीस, सत्तावीस, तेरा. प्रश्नाचं उत्तर या तीन आकड्यांत आहे. रक्तातून पेशीत ऑक्सिजन ढकलला जातो तो साठ्यानं नव्हे, दाबानं. बाईंच्या रक्तात अजून सत्तावीसचा रेटा आहे, गिझरवाल्याच्या रक्तात त्याच्या निम्मा. मेंदू आणि हृदय यांना हे आधी भोवतं. हृदयाचा स्नायू तर विश्रांतीतही आपल्या रक्तातला बहुतेक ऑक्सिजन काढून घेत असतो.

या हिशेबात दोघांच्याही रक्ताचा प्रवाह सारखाच धरला आहे. खऱ्या रुग्णात तसं नसतं. बाईंचा पंडुरोग महिनोन्‌महिने मुरलेला असेल तर हृदय जास्त रक्त ढकलू लागलेलं असतं. शिवाय लाल पेशीत २,३-डीपीजी हे संयुग वाढून रेष थोडी उजवीकडेही गेलेली असते. त्यामुळे प्रत्यक्षात बाईंची स्थिती सत्तावीसपेक्षा बरीच असेल. दुसऱ्याला एवढी सवड मिळालेली नसते.

आणि हे व्हायला हवेत कार्बन मोनॉक्साइड किती लागतो? फुफ्फुसात ऑक्सिजनचा दाब १०० असताना निम्म्या जागा बळकावायला त्याचा अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी दाब पुरतो, तेवढ्या हवेत पुरेसा वेळ राहिलं म्हणजे झालं. त्याला वास नाही, रंग नाही.

परीक्षक अडवतात ते इथे. या रुग्णाच्या धमनीतला ऑक्सिजनचा दाब किती? नॉर्मल. कारण दाब ठरतो रक्तद्रवात विरघळलेल्या ऑक्सिजनवर, आणि फुफ्फुसं धडधाकट आहेत. मानेतल्या धमनीजवळची कॅरोटिड बॉडी हाच दाब पाहते, म्हणून तिला धोक्याचा पत्ता लागत नाही आणि माणूस धापा टाकत नाही. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटरही फसतो. कार्बन मोनॉक्साइड बसलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजन बसलेल्यासारखंच दिसतं आणि तो खुशाल ९८ दाखवतो. रक्तवायूंची तपासणी करणारं साधं यंत्र दाबावरून सॅच्युरेशनचा हिशेब मांडतं, तोही चुकतो. खरा आकडा को-ऑक्सिमीटरवरच कळतो.

उपचाराचा तर्कही वाटणीच्या नियमातलाच आहे: ऑक्सिजनचा दाब वाढवला की कार्बन मोनॉक्साइडचा वाटा घटतो. साध्या हवेत तो रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर सव्वा तासाच्या आसपास. म्हणून मॉनिटरवर ९८ दिसत असतानाही मास्क काढायचा नसतो.

तोंडी परीक्षेत हे आलेख काढायला सांगितले तर आधी उभ्या अक्षावर काय घ्यायचं ते ठरवा. सॅच्युरेशन घेतलंत, तर पंडुरोगाची रेष नॉर्मल रेषेवरच बसते. रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण घेतलंत, तर पंडुरोग आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्हींचं पठार निम्म्यावर येतं; फरक एवढाच की कार्बन मोनॉक्साइडची रेष पठारावर लवकर पोचते आणि डावीकडे झुकलेली असते. आणि पर्यायांमध्ये 'धमनीतला ऑक्सिजनचा दाब कमी' असं दिसलं, तर तो पर्याय आधी खोडा.