पावलो, पण भरून नव्हे

जुन्या पावत्यांच्या शेवटी दोन शब्द हमखास असायचे: 'भरून पावलो'. येणं होतं तेवढं सगळं मिळालं, आता मागणं काही उरलं नाही, असा त्यांचा अर्थ. 'पावती' हा शब्दही याच 'पावणे'मधून आला. पण उधारीच्या व्यवहारात गिऱ्हाईक बहुतेक वेळा भरून देत नाही, थोडं देतं. त्या दिवशी दुकानदार 'पावलो' असतो, 'भरून पावलो' नसतो. हा फरक कागदावर उतरला नाही, की वर्षा-दोन वर्षांनी दोन्ही घरांत दोन वेगळे हिशेब निघतात आणि दोघंही मनापासून खरं बोलत असतात.

तासगावकडच्या द्राक्षपट्ट्यातलं उदाहरण घेऊ. ऑक्टोबरच्या फळछाटणीपासून बागायतदार कृषी सेवा केंद्रातून खतं-औषधं उधारीवर उचलतो आणि माल गेल्यावर पैसे देतो. समजा, 6 ऑक्टोबर 2024 चं बिल 46,800 रुपयांचं आणि 18 नोव्हेंबरचं 31,500 रुपयांचं. एकूण येणं 78,300. दहा फेब्रुवारीला बागायतदाराचा मुलगा दुकानात येतो, 15,000 रोख देतो, 25,000 यूपीआयने पाठवतो आणि म्हणतो, "काका, चाळीस जमा करा, राहिलेलं दुसरा तोडा गेल्यावर."

गर्दीच्या वेळी सहसा लिहिलं जातं ते एवढंच: 'बिलाचे रु. 40,000 मिळाले.' या वाक्यात खोटं काही नाही, पण कोणत्या बिलाचे, ते त्यात नाही. चाळीस हजारांत बिल मिटलं की बाकी राहिली, तेही नाही. भारतीय करार कायदा (1872) येणेकऱ्याला हवं तर कमी रक्कम घेऊन पूर्ण कर्ज मिटवण्याची मुभा देतो. त्या कायद्यातच उदाहरण आहे: पाच हजारांच्या देण्यापोटी दोन हजार स्वीकारले आणि तेवढ्यात सगळं मिटलं असं मान्य केलं, तर पुढचं येणं संपतं. म्हणूनच 'हिशेब मिटला', 'पूर्ण मिळाले' असे शब्द सवयीने किंवा पावतीपुस्तकात छापून आलेत म्हणून अर्धवट रकमेच्या पावतीवर राहू देऊ नयेत. छापील 'भरून पावलो' असेल तर ते खोडून शेजारी सही करावी.

ही पावती मी अशी लिहीन:

'पावती क्र. 118, दि. 10 फेब्रुवारी 2025. श्री. अमुक यांच्या खात्यावर, मुलाच्या हस्ते. बिल क्र. 412 व 467 यांचे एकूण येणे रु. 78,300, त्यापोटी आज रु. 40,000, अक्षरी रुपये चाळीस हजार फक्त, अंशतः मिळाले. रोख 15,000, यूपीआय 25,000. रक्कम बिल क्र. 412 ला जमा. बाकी: बिल 412 चे 6,800, बिल 467 चे 31,500, एकूण बाकी रु. 38,300, अक्षरी रुपये अडतीस हजार तीनशे फक्त.'

बाकीही अक्षरी लिहायची. जमा रक्कम सगळे अक्षरी लिहितात आणि बाकी मात्र कोपऱ्यात आकड्यात टाकतात. वाद होतो तो नेमका त्याच आकड्यावरून.

पैसे कोणत्या बिलाला जमा धरायचे, हे ठरवण्याचा पहिला हक्क देणाऱ्याचा आहे. त्याने सांगितलं आणि दुकानदाराने पैसे ठेवून घेतले, तर तसंच जमा करावं लागतं. तो काहीच बोलला नाही आणि इतर कशावरूनही त्याचा इरादा दिसत नसेल, तर निवड दुकानदाराची. दोघंही गप्प राहिले, तर तारखेने जुनं देणं आधी फिटतं. बिलावर व्याज ठरलेलं असेल, तर पैसे व्याजात धरले की मुद्दलात, हेही त्याच वेळी लिहावं. नाहीतर सर्वसाधारण रीतीने ते आधी व्याजात जातात आणि मुद्दल तितकंच राहिलेलं पाहून बागायतदाराला धक्का बसतो.

यूपीआयचे पंचवीस हजार लिहिण्याआधी दुकानदाराने स्वतःच्या खात्यात रक्कम आली का ते पाहावं. समोरच्याच्या मोबाइलवरची हिरवी खूण म्हणजे जमा नव्हे. व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक पावतीवर उतरवला, की पुढे बँकेच्या उताऱ्याशी मेळ लागतो. चेक असेल तर चेकचा क्रमांक, बँक आणि 'वटल्यावर जमा' एवढं लिहावं. चेक परत आला, तर मूळ बाकी तशीच उभी राहते. रक्कम पाच हजारांच्या वर असेल आणि देणाऱ्याने मागितली, तर एक रुपयाचं महसुली तिकीट लावलेली पावती देणं घेणाऱ्यावर बंधनकारक आहे. सही तिकिटावरून जाईल अशी करायची, म्हणजे ते तिकीट पुन्हा वापरता येत नाही.

आता सहीचा प्रश्न, आणि तो बहुतेकांना ठाऊक नसतो. पावतीवर सही करतो पैसे घेणारा, कारण तिचा पहिला उपयोग देणाऱ्याला असतो. पण उधारीचे पैसे मागायला कोर्टात जायची मुदत साधारण तीन वर्षांची असते. मुदत कायदा (1963) सांगतो की ती संपण्याआधी अंशतः रक्कम दिली, तर त्या दिवसापासून नव्याने मोजता येते; मात्र रक्कम दिल्याची नोंद देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा त्याच्या सहीची हवी. एकट्या दुकानदाराची सही इथे कामाला येत नाही.

आपल्या उदाहरणात तर आणखी एक पेच आहे. चाळीस हजार फक्त पहिल्या बिलाला जमा झाले, म्हणजे त्यांच्या जोरावर दुसऱ्या बिलाची मुदत वाढत नाही. पण 'एकूण बाकी 38,300 मान्य' असं लिहून त्याखाली देणेकऱ्याने सही केली, तर ती दोन्ही बिलांच्या बाकीची लेखी कबुली ठरते. म्हणून स्थळप्रतीवर ही ओळ आणि त्याची सही घ्यावी. इथे पैसे आणले आहेत मुलाने. त्याला वडिलांनी सहीचा अधिकार दिलेला असेलच असं नाही, तेव्हा प्रत घरी पाठवून वडिलांचीच सही आणवावी. तोवर पावतीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून 'बाकी बरोबर आहे' असं त्यांचं उत्तर मागवून ठेवावं. सहीची जागा ते उत्तर घेईलच असं नाही, पण हिशेबात चूक असेल तर ती त्याच दिवशी कळते. सही मागणं म्हणजे अविश्वास, असं गावाकडे मानतात. मला तसं वाटत नाही. बाकीच्या आकड्याखाली दोघांच्या सह्या असल्या, की दुकानदाराला तो वाढवता येत नाही आणि बागायतदाराला विसरता येत नाही.

एक चूक फार वेळा पाहिली आहे. पैसे देऊन निघता निघता मुलगा 2,400 रुपयांचं औषध उधारीवर घेतो आणि दुकानदार पावतीवरच 38,300 खोडून 40,700 करतो. खाडाखोड झालेला आकडा महिन्याने कुणालाच समजावून सांगता येत नाही. औषधाचं वेगळं बिल करायचं. पावतीवरची बाकी तिच्यात नमूद केलेल्या बिलांपुरतीच ठेवायची. आकडा खरोखर चुकला असेल, तर पावती रद्द करून दोन्ही प्रती पुस्तकातच राहू द्याव्यात आणि पुढच्या क्रमांकावर नवी लिहावी.

मार्चअखेरीस मुलगा उरलेले 38,300 घेऊन येतो. नव्या पावतीवर आधीच्या 118 क्रमांकाच्या पावतीचा उल्लेख येतो, दोन्ही बिलांचे क्रमांक येतात आणि त्यांच्यापुढे बाकी 'निरंक' पडते. औषधाच्या 2,400 चं बिल अजून उभं आहे, म्हणून शेवटची ओळ त्याला वगळून लिहायची: 'बिल क्र. 412 व 467 पोटी भरून पावलो.'