परत फिरायची शेवटची जागा

गडचिरोलीत तेंदू हंगाम तोंडावर असताना सॉफ्टवेअर बदलू नये, असं माझं ठाम मत आहे. तरीही चेंज बोर्डाच्या एका बैठकीत असा बदल मंजूर झाला. त्या बैठकीचं इतिवृत्त मी लिहिलं.

बदल दिसायला लहान होता. फळीवरचा मुन्शी मोबाइलवर कुटुंबागणिक पुडक्यांची नोंद करतो. सत्तर पानांचं एक पुडकं, मजुरी शेकड्यावर. आजवर आकडा एकच होता, ‘एकूण पुडके’. आता त्याचे दोन करायचे होते: स्वीकारलेले आणि नाकारलेले. म्हणजे कुणी २४० आणले आणि १२ नाकारले, तर २२८ची मजुरी.

बदलाच्या अर्जात जोखीम ‘मध्यम’ होती आणि रोलबॅकपुढे एवढंच होतं: ‘रात्रीचा बॅकअप परत टाकणे, ४० मिनिटे’. सर्व्हरपुरतं ते खरं होतं. पण भामरागडकडच्या फळ्यांवर रेंज नसते. मुन्शी नोंदी फोनमध्येच साठवतो आणि तीन-चार दिवसांनी रेंजमध्ये आला की त्या पाठवतो. मंगळवारी बदलाआधीचा बॅकअप परत टाकला, तर बदलानंतर सोमवारी आलेल्या नोंदी सर्व्हरवरून जातात. फोनला मात्र त्या पोचल्याचं उत्तर मिळालेलं असतं, म्हणून तो त्या पुन्हा पाठवत नाही. शिवाय सर्व्हर बदलला तरी जुन्या ॲपच्या नोंदी गुरुवारीही येतच राहतात. कुटुंबाची मजुरी त्या नोंदीवर निघते, म्हणून बोर्डाने जोखीम ‘जास्त’ केली आणि कारणही तिथेच लिहायला लावलं. नुसता शेरा सहा महिन्यांनी वाचणाऱ्याला काही सांगत नाही.

बदलाच्या स्क्रिप्टची शेवटची ओळ ही होती:

```sql
ALTER TABLE sankalan DROP COLUMN ekun_pudke;
```

हा रकाना उडाला की जुना प्रोग्राम चालत नाही. परत फिरायची शेवटची जागा ही ओळच होती. अर्जात तिचा उल्लेख नव्हता.

मंजुरी सशर्त झाली. ही ओळ बदलातून काढायची. सर्व्हरने दोन्ही ॲपच्या नोंदी घ्यायच्या आणि नव्या नोंदीतही ‘एकूण’च्या रकान्यात २४० भरायचेच, म्हणजे जुना प्रोग्राम परत लावला तरी त्याला शून्य दिसणार नाही. बॅकअपला हात लावायचा नाही. मागे यायचं तर फक्त जुना प्रोग्राम लावायचा. मात्र जुना प्रोग्राम नाकारलेले १२ वजा करत नाही, म्हणून मागे आल्यावर मजुरीची यादी थांबवायची, हेही लिहिलं.

वाद झाला तो मागे कधी यायचं यावर. ‘अडचण आल्यास’ असं कुणीतरी सुचवलं. मी ते लिहिलं नाही, कारण रात्री अकरा वाजता अडचण कशाला म्हणायचं हे ठरवत बसणं फार महागात पडतं. शेवटी ठरलं ते असं: रोज संध्याकाळी तीन फळ्यांच्या वह्यांतली बेरीज फोनवरून विचारायची आणि त्या फळ्यांच्या नोंदी पोचल्या की सर्व्हरशी ताडायची. एकाही फळीत फरक निघाला आणि तासाभरात कारण सापडलं नाही, तर जुना प्रोग्राम. निर्णय पाळीवरच्या अभियंत्याचा, वरिष्ठांची वाट पाहायची नाही.

रकाना काढण्याचा वेगळा अर्ज हंगामातली सगळी मजुरी वाटून झाल्यावर घ्यायचा, अशी नोंद करून इतिवृत्त बंद केलं.