न दुखता जाणारे रक्त

दीड वर्षाच्या मुलाने शी केली आणि लंगोट विटकरी लाल रंगाने माखला, तर घरात धावपळ उडते. मग कुणाच्या तरी लक्षात येते की मूल रडत नाही. पोट दाबले तरी कुरकुरत नाही, ताप नाही, थोड्या वेळापूर्वी तर खेळतही होते. इथेच घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. ‘उष्णता झाली असेल’ असे म्हणून सब्जाचे पाणी दिले जाते आणि डॉक्टरकडे जाणे उद्यावर पडते. या आजारात हीच चूक सर्वांत महागात पडते. दुखत नाही याचा अर्थ धोका नाही असा होत नाही. लहान मुलाच्या शीतून भरपूर रक्त जात असेल आणि दुखत मात्र काहीच नसेल, तर जे आजार आधी मनात यायला हवेत त्यांतला एक म्हणजे मेकेल्स डायव्हर्टिक्युलम.

त्याचे मूळ गर्भावस्थेच्या पहिल्या काही आठवड्यांत आहे. तेव्हा वारेचे काम पुरते सुरू झालेले नसते. गर्भाच्या आतड्याला एक पीतक पिशवी जोडलेली असते आणि दोघांमध्ये एक बारीक नळी असते. वार काम सांभाळू लागली की या नळीची गरज संपते. साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात ती बुजते आणि नाहीशी होते. काही जणांत मात्र तिचे आतड्याकडचे टोक तसेच राहते. लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला मग बोटाएवढी एक पिशवी कायमची चिकटून असते. जर्मनीतल्या हाले शहरातले शरीररचनाशास्त्रज्ञ योहान फ्रीडरिख मेकेल यांनी 1809 मध्ये तिचा हा गर्भातला उगम उलगडून दाखवला, म्हणून तिला त्यांचे नाव मिळाले.

वैद्यकाचे विद्यार्थी ही पिशवी ‘दोनच्या नियमा’ने लक्षात ठेवतात. ती सुमारे दोन टक्के माणसांत असते. लहान आतडे जिथे मोठ्या आतड्याला मिळते तिथून साधारण दोन फूट मागे ती सापडते. तिची लांबी दोन इंचांच्या आसपास असते. तिच्यात दोन प्रकारचे परके अस्तर आढळू शकते, जठराचे किंवा स्वादुपिंडाचे. त्रास बहुधा वयाच्या दोन वर्षांच्या आत दिसतो आणि मुलग्यांत तो मुलींच्या दुपटीने आढळतो.

नियम सोपा आहे, पण तो आठवणीसाठी आहे, मोजपट्टी म्हणून नाही. पिशवी दोन फुटांच्या अलीकडे किंवा बरीच पलीकडेही असू शकते, म्हणून शस्त्रक्रियेत सर्जन तेवढ्यावर थांबत नाहीत, आणखी मागे जाऊन आतडे तपासतात. चार-पाच वर्षांच्या मुलालाही रक्तस्राव होतो आणि मोठ्या माणसालाही. मुलींना होतच नाही असेही नाही. शिवाय पहिला आकडा नीट समजून घेतला पाहिजे. दोन टक्के लोकांत पिशवी असते, दोन टक्के लोकांना आजार नसतो. पिशवी असलेल्या शंभरांपैकी जेमतेम चार ते सहा जणांना आयुष्यात कधी तिचा त्रास होतो. बाकीच्यांना ती आहे हे कळतही नाही.

रक्त का जाते, याचे उत्तर त्या परक्या अस्तरात आहे. पिशवीत जठराचे अस्तर असेल तर ते जठरासारखेच आम्ल तयार करते. जठराला आम्लापासून वाचवणारी व्यवस्था असते, शेजारच्या लहान आतड्याला ती तशी नसते. आम्लाने आतड्याचा नाजूक थर पोळतो, व्रण पडतो आणि व्रणाखालची रक्तवाहिनी उघडी पडली की रक्त वाहू लागते. व्रण बहुधा पिशवीच्या तोंडाशी, लगतच्या आतड्यावर असतो. आतडे ताणले गेले किंवा त्याला पीळ पडला तर जोरात दुखते, पण कापण्या-पोळण्याची जाणीव त्याला जवळजवळ नसते. म्हणून रक्त वाहते आणि मूल शांत राहते.

आता समजा, या दीड वर्षाच्या मुलाचे वजन दहा किलो आहे. त्याच्या अंगात एकूण रक्त आठशे मिलिलिटरच्या आसपास. त्यातले दोनशे गेले, तर पाव हिस्सा गेला. रुग्णालयात पोचेपर्यंत ते फिकट दिसते, नाडी दीडशेच्या वर धावते आणि हातपाय गार लागतात. रक्तदाब मात्र ठीक असतो, कारण लहान मुलांचे शरीर तो शेवटपर्यंत सांभाळून धरते आणि मग एकदम सोडते. पहिल्या तासातले हिमोग्लोबिनही फसवते, ते उतरायला वेळ लागतो. म्हणून डॉक्टर आधी सलाइन लावतात, रक्तगट तपासून रक्ताची सोय करतात आणि निदानाकडे नंतर वळतात.

निदानात दुसऱ्या कारणांचा विचार आधी होतो. गुदद्वाराला चीर पडली असेल तर शी करताना मूल कळवळते आणि घट्ट शीवर लाल रेघ दिसते. आतड्यात आतडे शिरले असेल तर मूल थांबून थांबून किंचाळते, पाय पोटाशी घेते. आमांशात ताप असतो, आव पडते. मोठ्या आतड्यातल्या पॉलिपमध्येही दुखत नाही, पण रक्त बहुधा थोडे आणि ताजे लाल असते.

संशय मेकेलवर आला की टेक्नेशियम स्कॅन करतात. शिरेतून अल्प प्रमाणात किरणोत्सारी द्रव्य देतात, ते जठराचे अस्तर शोषून घेते. पडद्यावर जठर उजळते आणि त्याच सुमारास बेंबीखाली, बहुधा उजवीकडे, दुसरा ठिपका उजळला तर पिशवी सापडली. मूल तासभर स्थिर राहावे लागते, म्हणून कधी झोपेचे औषध लागते. पण स्कॅन कोरा आला म्हणजे पिशवी नाहीच, असे धरू नये. मुलांमध्येही तो काही वेळा चुकतो. साध्या सोनोग्राफीत ती अनेकदा दिसत नाही आणि कोलोनोस्कोपीची नळी सहसा तिथवर पोचत नाही. मोठा रक्तस्राव पुन्हा झाला, तर स्कॅन कोरा असूनही दुर्बिणीने पोटात पाहणे योग्य ठरते.

उपाय शस्त्रक्रिया हाच. बेंबीपाशी लहान छेद देऊन आतड्याचा तो भाग बाहेर घेतात आणि पिशवी काढतात. व्रण शेजारच्या आतड्यावर असेल तर तेवढा तुकडाही काढून दोन टोके जोडतात, नाहीतर व्रण मागे राहून पुन्हा रक्त जाऊ शकते. मूल बहुधा आठवड्याच्या आत घरी जाते आणि या पिशवीचा त्रास कायमचा संपतो.

एक गोष्ट पालकांनी पक्की लक्षात ठेवावी. हा रक्तस्राव बऱ्याचदा आपोआप थांबतो. रक्त कमी झाले की शरीर आतड्याकडचा पुरवठा आखडते आणि व्रण तात्पुरता शांत होतो. सब्जाने गुण आला असे वाटते ते यामुळे. व्रण मात्र तिथेच असतो. तेव्हा थांबले म्हणून घरी राहू नका. माखलेला लंगोट पिशवीत घालून सोबत न्या किंवा त्याचा फोटो काढा, मुलाला खायला काही देऊ नका आणि बालशल्यचिकित्सक असलेले रुग्णालय त्याच दिवशी गाठा.