चलचित्रणाद्वारे दुधाळ गायींच्या लंगडेपणाचे मूल्यमापन : पाठीच्या बाकाचे मापन व त्याच्या मर्यादा

प्रस्तावना :

गाय हा कळपात राहणारा व मूळचा शिकारी प्राण्यांच्या भक्ष्यस्थानी असलेला प्राणी आहे. अशा प्राण्याला वेदना उघड करणे परवडत नाही. त्यामुळे खुराला इजा झालेली गाय सुरुवातीचे अनेक दिवस जवळजवळ नेहमीसारखीच चालते, आणि ती स्पष्टपणे लंगडू लागते तेव्हा खुरातील व्रण बराच खोल गेलेला असतो. या काळात दूध घटते, गाय चारा कमी खाते व माजाची लक्षणे नीट दाखवीत नाही.

गोठ्यातील माणसांच्या नजरेतून हा लंगडेपणा किती निसटतो, याचा पुरावा २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका सर्वेक्षणात मिळतो. ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी ५३ दुग्धशाळांना भेटी दिल्या. पशुपालकांच्या अंदाजानुसार त्यांच्या कळपात सरासरी सुमारे ६ टक्के गायी लंगडत होत्या. प्रशिक्षित निरीक्षकांना प्रत्यक्षात सुमारे २२ टक्के गायी लंगडताना आढळल्या. याचे कारण केवळ निष्काळजीपणा नव्हे. जो माणूस गायी रोज पाहतो, त्याच्या डोळ्यांना हळूहळू होणारा बदल जाणवत नाही. गोठ्यातील कॅमेऱ्याने लंगडेपणा ओळखण्याच्या प्रयत्नांचे मूळ या अडचणीत आहे. अशा पद्धतींपैकी पाठीच्या बाकाचे मापन या एकाच पद्धतीचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. पाठीचाच बाक का?

दुधाळ गायींमधील बहुसंख्य लंगडेपणाचे मूळ मागच्या पायांच्या खुरांत, विशेषतः खुराच्या बाहेरच्या भागात असते. मागचा पाय दुखत असेल तर गाय आपले वजन पुढच्या पायांकडे सरकविण्याचा प्रयत्न करते. त्यासाठी ती मान खाली घेते, पाऊल आखडते व पाठ वर उचलते. पाठीला आलेला हा बाक म्हणजे दुखणाऱ्या पायावरील भार कमी करण्याची शारीरिक तडजोड होय.

या लक्षणावर आधारलेली पाच पायऱ्यांची गुणांकन पद्धती स्प्रेचर, होस्टेटलर व कनीन यांनी १९९७ मध्ये मांडली. तीनुसार १ गुणाची गाय उभी असताना व चालताना दोन्ही वेळा पाठ सरळ ठेवते. २ गुणाची गाय उभी असताना पाठ सरळ ठेवते, मात्र चालताना तिच्या पाठीला बाक येतो. ३ गुणाच्या गायीची पाठ दोन्ही अवस्थांत वाकलेली असते व पावले आखूड पडतात. ४ गुणाची गाय एखाद्या पायाला जपत एकेक पाऊल विचारपूर्वक टाकते, तर ५ गुणाची गाय त्या पायावर भार देण्यास जवळजवळ नकारच देते. उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाची पायरी दुसरी व तिसरी होय. आणि माणसाच्या नजरेतून निसटणाऱ्या पायऱ्याही याच आहेत.

२. कॅमेरा व मापनाची रीत

मुक्त संचार पद्धतीच्या मोठ्या गोठ्यांत दूध काढणीनंतर गायी एका अरुंद वाटेने एकामागून एक परततात. कॅमेरा बसविण्यास हीच जागा योग्य ठरते. काढणीपूर्वीच्या वाटेवर तो बसविल्यास भरलेल्या कासेमुळे चालीत फरक पडतो. काढणीनंतर गायींची चाल सुधारते, हे ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी २००६ मध्ये दाखविले आहे. वाट सपाट, कोरडी व न घसरणारी असावी, कारण ओल्या फरशीवर निरोगी गायही पावले आखूड टाकते.

बेल्जियममधील ल्युव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये बाजूने घेतलेल्या चित्रणातून पाठीची रेषा वेगळी काढण्याची रीत प्रसिद्ध केली. तिचे तत्त्व सोपे आहे. प्रत्येक चौकटीत गायीची आकृती पार्श्वभूमीपासून वेगळी केली जाते, तिच्या वरच्या कडेवरून खांद्यापासून शेपटीच्या मुळापर्यंतची रेषा घेतली जाते, आणि त्या रेषेशी जुळणारा वर्तुळखंड शोधला जातो. पाठ जितकी सरळ, तितके ते वर्तुळ मोठे. पाठ जितकी वाकलेली, तितके ते लहान. वर्तुळाच्या त्रिज्येचा व्यस्त म्हणजेच वक्रता.

एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. खांदा व शेपटीचे मूळ यांमधील सरळ अंतर L व त्या सरळ रेषेपासून पाठीच्या सर्वोच्च बिंदूची उंची h मानल्यास त्रिज्या R पुढीलप्रमाणे मिळते :

R = L²/(8h) + h/2

L हे १२० सेंटिमीटर व h ३ सेंटिमीटर असेल, तर त्रिज्या सुमारे ६ मीटर व वक्रता ०.१७ प्रतिमीटर येते. h ८ सेंटिमीटर झाल्यास त्रिज्या सुमारे २.३ मीटर व वक्रता ०.४४ प्रतिमीटर होते. म्हणजे पाठीच्या उंचीतील अवघ्या ५ सेंटिमीटरच्या फरकावर निदान अवलंबून आहे.

या फरकाच्या तुलनेत कॅमेऱ्याची अचूकता तपासावी लागते. कॅमेऱ्यात ६ मीटर रुंदीची वाट दिसत असून चित्राची रुंदी १९२० बिंदू असेल, तर एक बिंदू सुमारे ३ मिलिमीटरचा होतो. कडेची रेषा काढताना तीन बिंदूंची चूक झाली तरी ती एका सेंटिमीटरच्या आत राहते. चित्राची रुंदी ६४० बिंदूच असेल, तर तेवढीच चूक जवळजवळ ३ सेंटिमीटरची होते आणि निरोगी गायीची पाठ दुप्पट वाकलेली दिसू शकते. पहाटेचा अंधार, शेजारच्या गायीचे मध्येच आलेले डोके अथवा भिंतीच्या रंगात मिसळणारी पाठ यांमुळे ही चूक वाढते. काही संशोधकांनी यासाठी वाटेवर उंचावर खोली मोजणारा कॅमेरा लावून पाठीचा आकार वरून टिपण्याचा मार्ग स्वीकारला. त्यात गायी एकमेकींना झाकत नाहीत व जागाही कमी लागते. मात्र पावले त्यात नीट दिसत नाहीत.

३. एक चौकट पुरेशी नाही

ताशी सुमारे ४ किलोमीटर वेगाने चालणारी गाय ६ मीटरची वाट साडेपाच सेकंदांत ओलांडते. सेकंदाला २५ चौकटी घेणाऱ्या कॅमेऱ्याला तिच्या सुमारे १३५ चौकटी मिळतात. चालताना प्रत्येक पावलागणिक पाठीची वक्रता कमीजास्त होत असल्याने या सर्व चौकटींचा मध्यक घेणे इष्ट ठरते. गाय मध्येच थांबली, घसरली किंवा मागील गायीने ढकलली, तर ते चित्रण गणनेतून वगळावे लागते. कोणती गाय गेली हे सहसा कानातील बिल्ल्याच्या इलेक्ट्रॉनिक वाचकावरून ठरते. दोन गायींनी वाटेत क्रम बदलला तर एकीचे माप दुसरीच्या नावावर जाते.

यापुढचा प्रश्न मर्यादेचा आहे. संपूर्ण कळपासाठी ०.३५ ही एकच मर्यादा ठरविली, असे मानू. एका वयस्क गायीची पाठ जन्मजात ठेवणीमुळेच ०.३६ वक्रतेची असेल, तर तिच्या नावाने रोज निष्फळ इशारा मिळेल. दुसऱ्या एका तरुण गायीची निरोगी अवस्थेतील सरासरी वक्रता ०.१७ व तिच्यातील दैनंदिन चढउताराचे प्रमाण विचलन ०.०३ आहे. चार दिवसांत तिची मापे ०.१९, ०.२४, ०.२९ व ०.३१ अशी आली, तरीही कळपाच्या मर्यादेनुसार ती निरोगीच ठरेल. याउलट, तिच्याच सरासरीत दोन प्रमाण विचलने मिळवून ०.२३ ही तिची वैयक्तिक मर्यादा मानली व सलग तीन दिवस ती ओलांडली गेल्यास इशारा द्यावयाचा असे ठरविले, तर चौथ्या दिवशी इशारा मिळतो. वयस्क गायीबाबतचा निष्फळ इशाराही थांबतो. अर्थात, वैयक्तिक सरासरी काढली जात असताना गाय निरोगी होती याची खुरे तपासून खात्री केलेली असावी. अन्यथा दुखणेच तिची सामान्य अवस्था म्हणून नोंदले जाईल.

४. इशारा म्हणजे निदान नव्हे

वाकलेली पाठ हे वेदनेचे लक्षण आहे, परंतु ती वेदना खुराचीच असेल असे नाही. चाऱ्यातून पोटात तार किंवा खिळा गेल्यास तो जाळीदार पोटाला टोचतो, आणि अशी गायही पाठ वाकवून जपून चालते. उलटपक्षी, पुढच्या पायाने लंगडणाऱ्या गायीची पाठ फारशी वाकत नाही. दुखरा पाय टेकताना ती डोके वर उचलते. केवळ पाठ मोजणाऱ्या यंत्रणेला अशी गाय दिसतच नाही.

खोट्या इशाऱ्यांचे प्रमाणही समजून घेतले पाहिजे. १०० गायींच्या कळपात १० गायी खरोखर लंगडत आहेत, यंत्रणा लंगडणाऱ्यांपैकी ८० टक्के व निरोगी गायींपैकी ९० टक्के अचूक ओळखते, असे समजू. तिला ८ लंगड्या गायी सापडतील व २ सुटतील. ९० निरोगी गायींपैकी ९ चुकीने लंगड्या ठरतील. एकूण १७ इशाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक खोटे निघतील. ‘८९ टक्के अचूकता’ असा आकडा या यंत्रणेलाही लावता येतो. परंतु खुरे उचलून पाहणाऱ्या माणसाला दर दोन गायींमागे एक निरोगी आढळते आणि काही आठवड्यांत तो इशाऱ्यांकडे दुर्लक्ष करू लागतो.

प्रसिद्ध होणाऱ्या अचूकतेच्या आकड्यांमध्ये आणखी एक दोष संभवतो. एकाच गायीच्या काही चौकटी संगणकाला शिकविण्यासाठी व उरलेल्या चाचणीसाठी वापरल्या, तर संगणक लंगडेपणाऐवजी त्या गायीच्या अंगावरील काळेपांढरे ठिपके ओळखून योग्य उत्तर देऊ शकतो. म्हणून चाचणीतील गायी, आणि शक्यतो गोठाही, पूर्णतः वेगळा असावा लागतो. शिवाय ज्या मानवी गुणांकनाशी तुलना केली जाते, त्यातही दोन निरीक्षकांचे २ व ३ गुणांबाबत वारंवार मतभेद होतात. खुर उचलून केलेली तपासणी हाच अधिक विश्वसनीय आधार होय.

५. महाराष्ट्राच्या संदर्भात

वरील बहुतेक मापने होल्स्टीन जातीच्या गायींवर व मोठ्या मुक्त गोठ्यांत विकसित झाली आहेत. खिल्लार किंवा गीर गायीच्या खांद्यावर वशिंड असते. तेथून पाठीची रेषा सुरू केल्यास वर्तुळखंड मुळातच चुकीचा बसतो, त्यामुळे रेषा वशिंडाच्या मागून घ्यावी लागेल व मर्यादा नव्याने ठरवाव्या लागतील. संकरित गायींमध्येही वशिंडाचे प्रमाण कमीअधिक असते. दावणीला बांधलेल्या गायींबाबत तर चालण्याचे चित्रणच उपलब्ध होत नाही. तेथे गाय कोणत्या पायावर भार टाळते, किती वेळ बसते व उठताना किती अडखळते, ही वेगळी लक्षणे पाहावी लागतात.

समारोप :

कॅमेरा गायीच्या वेदनेचे निदान करीत नाही; एका गायीची पाठ तिच्याच मागील आठवड्यातील पाठीपेक्षा अधिक वाकली, एवढेच तो सांगतो. या माहितीचा उपयोग त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत तो पाय उचलून पाहिला जातो की नाही, यावर ठरतो. म्हणून यंत्रणेचे मूल्यमापन करताना अचूकतेच्या टक्केवारीबरोबरच इशारा मिळाल्यापासून खूर तपासले जाईपर्यंत किती दिवस गेले आणि किती गायी दुसऱ्या-तिसऱ्या गुणावरच उपचार मिळून पुन्हा सरळ पाठीने चालू लागल्या, या दोन नोंदी ठेवणे आवश्यक ठरते.